दोन मडकी, तोंडाला तोंड

प्रश्न : सर, आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी. पांढरीवरची माती ट्रॅक्टरने काढताना दोन जाड मडकी आडवी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावलेली निघाली. आत लहान मुलाची हाडं दिसतात. गावातले एक जण म्हणतात, जुने लोक मडक्याला आईचं पोट मानत, म्हणजे त्यांचा पुनर्जन्मावर विश्वास होता. दुसरे म्हणतात, भूत होऊन फिरू नये म्हणून मोठ्या माणसांचे पाय तोडून पुरत. हे खरं आहे का? कबरीवरून एवढं कळतं का?

उत्तर :

सगळ्यात आधी, ती मडकी आहेत तशी राहू द्या. आतली माती उकरू नका, हाडं बाहेर काढून ठेवू नका. पाऊस येणार असेल तर वर पत्रा घाला, बाकी काही करू नका. कारण पुढे ओघात येईलच.

तुमच्या वर्णनावरून ही मडकी ताम्रपाषाण काळातली, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची असावीत. जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे त्या काळच्या महाराष्ट्रातल्या शेतकरी लोकांमध्ये लहान मुलांना असं पुरण्याची पद्धत होती. हाताने घडवलेले राखी रंगाचे, रुंद तोंडाचे दोन रांजण खड्ड्यात आडवे ठेवायचे, तोंडं जुळवायची आणि आत मूल. बहुतेक वेळा उत्तर-दक्षिण. गोदावरीच्या खोऱ्यात नेवासे इथे, भीमेच्या खोऱ्यात घोडनदीकाठी इनामगाव इथे अशी दफनं कितीतरी सापडली. तुमच्या भागातही ती नवी नाहीत. 1950च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने बहाळला उत्खनन केलं, तेव्हा गिरणेपलीकडे टेकवाड्याला याच सुमाराची दफनं मिळाली होती. काही रांजणातली, काही साध्या खड्ड्यातली.

आता तुमच्या दोन प्रश्नांकडे येतो. दोन्ही समजुती गावकऱ्यांनी मनाने रचलेल्या नाहीत. पुरातत्त्वाच्या पुस्तकांतही त्या मांडलेल्या आहेत, मोठ्या आणि अभ्यासू माणसांनी. पण त्या सांगितल्या जातात तितक्या पक्क्या नाहीत. कुठे पक्क्या आहेत आणि कुठे नाहीत, हे मी पायांच्या गोष्टीवरून दाखवतो, कारण तिथे तपासायला भरपूर जागा आहे.

इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 अशी नऊशे वर्षं तिथे वस्ती होती. अडीचशेच्या वर दफनं मिळाली, त्यांतली बहुसंख्य मुलांची. मोठ्या माणसांना घराच्या जमिनीत किंवा अंगणात खड्डा करून, डोकं उत्तरेला ठेवून, उताणं निजवलेलं होतं. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची पावलं घोट्यापासून खाली नव्हती.

इथे पहिला प्रश्न भुताचा नसतो. पावलं खरंच तोडली होती का, हा असतो. माणसाच्या एका पावलात सव्वीस हाडं असतात, बहुतेक लहान. ती हरवायला कारणं पुष्कळ. उंदीर-घुशी बिळं करतात आणि हाडं ओढून नेतात. नंतरच्या लोकांनी चुलीचा किंवा धान्याच्या पेवाचा खड्डा खणला आणि तो नेमका कबरीच्या पायथ्याला लागला, तर पावलं त्यात जातात. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात हात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि त्या हालचालीत लहान हाडं सरकतात. शेवटी, खणणाऱ्या मजुराने माती चाळली नाही तर बोटांची पेरं ढिगाऱ्यात जातात, आणि वहीत मात्र ‘पावलं नाहीत’ अशी नोंद राहते.

मग कसं ओळखायचं? हात बघायचे. हाताचीही हाडं तेवढीच बारीक असतात. हाताची पेरं जागच्या जागी असतील आणि दोन्ही पावलंच नसतील, तर घुशींना किंवा चाळणीला दोष देता येत नाही. मग खड्ड्याची कड बघायची. खड्डा नडगीच्या टोकाशीच संपत असेल आणि त्याची कड शाबूत असेल, तर प्रेत ठेवलं तेव्हाच पावलं नव्हती. त्यानंतर नडगीचं खालचं टोक भिंगाखाली धरायचं. ओल्या, ताज्या हाडावर घाव बसला तर कड गुळगुळीत निघते आणि तिचा रंग बाकीच्या हाडासारखाच असतो, कारण दोन्ही तितकीच वर्षं मातीत मुरलेली असतात. वाळलेलं हाड नंतर मोडलं तर कड खडबडीत निघते, आणि मोड अगदी अलीकडचा असेल तर आतून फिकटही दिसते. एखाद्या सांगाड्यात यातलं काही जुळणार नाही, तो बाजूला ठेवायचा. पण एकाच जागी, एकाच पद्धतीने निजवलेल्या अनेक सांगाड्यांत तेच दिसत राहिलं, तर ती चाल होती असं म्हणता येतं. इनामगावबद्दल इतकं म्हणायला आधार आहे.

चाल होती. आता ती का होती?

भुताचं स्पष्टीकरण असं: मेलेल्याने उठून चालू नये म्हणून पाय तोडले. जगात काही ठिकाणी असं मानून प्रेताचे पाय बांधतात, हे खरं आहे. पण याच कृतीमागे नेमकी उलटी भावनाही बसते. त्या माणसाला त्याच्याच घराच्या जमिनीत पुरलं होतं. त्यावर शेणाने सारवलं असेल, त्यावर मुलं निजली असतील. ज्याची भीती वाटते त्याला कोणी आपल्या अंथरुणाखाली ठेवतं का? कदाचित त्यांना वाटत असेल की हा आपल्याला सोडून जाऊ नये, घरातच राहावा, पिकावर आणि पोरांवर लक्ष ठेवावं. एकात भीती, दुसऱ्यात माया, आणि दोन्हींसाठी कुऱ्हाडीचा घाव तोच. हाडावरची खूण या दोघांत निवड करू शकत नाही.

इनामगावलाच एक दफन आहे, ते या चर्चेत नेहमी आणायला हवं. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर होतं आणि त्याला धान्याचं कोठार होतं. त्याच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण पुरलेला मिळाला, आणि त्यात मांडी घालून बसवलेला सुमारे चाळिशीचा पुरुष. त्याची पावलं शाबूत. बरोबरच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांच्या नावेचं चित्र होतं. मुलांचेही पाय तोडलेले नाहीत. म्हणजे पाय तोडणं ही ‘मेलेल्या प्रत्येकाशी’ करायची गोष्ट नव्हती. भुताची भीतीच कारण असेल तर या माणसाची भीती का वाटली नाही, आणि मुलांची का नाही, याचं उत्तर द्यावं लागतं. देता येत नाही असं नाही. कुणी म्हणेल मुखिया भूत होत नाही, देव होतो. पण हे म्हणणं त्या रांजणातून आलेलं नाही, आपण आणून त्यात घातलेलं आहे. रांजण सांगतो तो फरक: या समाजात मरणानंतरची वागणूक वयाप्रमाणे आणि बहुधा मानाप्रमाणे बदलत होती. माझ्या मते त्या कबरींनी दिलेली ही सर्वांत भक्कम माहिती आहे, आणि ती परलोकाची नसून या लोकाची आहे.

आता तुमच्या मडक्यांचं बघू, आईच्या पोटाचं.

ही कल्पना मनाला लगेच पटते, म्हणूनच ती तपासताना जास्त जपावं लागतं. मडकं गोल, पोट गोल. मूल आत गोळा होऊन निजलेलं. पण तान्हं मूल जिवंतपणीही गुडघे पोटाशी घेऊनच निजतं. शिवाय रांजणाला जागा असते तेवढीच असते, त्यात मूल दुमडूनच बसतं. आणि आतली पोकळी हळूहळू मातीने भरते. त्याआधी मांस-स्नायू कुजले की हाडं सुटून रांजणाच्या तळाला गोळा होतात. तेव्हा ‘गर्भासारखं निजवलं होतं’ असं म्हणण्याआधी सांधे तपासावे लागतात. मानेचे आणि बोटांचे सांधे लवकर सुटतात, गुडघ्याचा आणि कमरेचा उशिरा. मांडीचं हाड खुब्याला नीट लागलेलं असेल तर ते मूळ बैठकीत आहे. सगळी हाडं तळाला ढीग होऊन पडली असतील तर मूल कसं निजवलं होतं हे सांगता येत नाही, ते कितीही गोळा झाल्यासारखं दिसत असलं तरी.

यात माझी स्वतःची एक चूक आहे. कामाला लागून फार वर्षं झाली नव्हती. एका उत्खननात अशीच जोडमडकी माझ्या वाट्याला आली. संध्याकाळ होत होती, पाऊस भरून आला होता, आणि मी आतली माती घमेल्यात काढून हाडं पिशवीत भरली. रात्री तंबूत कंदिलाजवळ बसून त्या हाडांची मांडणी करायला गेलो तेव्हा लक्षात आलं, की कोणतं हाड कोणत्या मडक्यात होतं आणि कशाला लागून होतं याची एकही ओळ माझ्या वहीत नाही. मूल साधारण किती महिन्यांचं होतं हे दातांवरून कळलं. पण ते आई-बापांनी कसं ठेवलं होतं, ही गोष्ट मी कायमची पुसून टाकली. अजून ती मला टोचते. त्या मुलाबद्दल सांगायला कोणी उरलं नव्हतं, ती मांडणीच काय ती उरली होती.

समजा मूल खरंच पोटाशी पाय घेऊन निजवलं होतं. तरी ‘पोट’ आणि ‘पुनर्जन्म’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. गर्भाची आठवण मनात असूनही लोक असं मानू शकतात, की ज्याचं आयुष्य सुरूच झालं नाही त्याला परत होतं तिथे ठेवावं. यात पुन्हा जन्माची आशा असेलच असं नाही. आणखी साधं कारणही असू शकतं: लहानग्याच्या अंगावर माती पडू नये, घुशींनी ओढू नये, म्हणून दोन भांड्यांची पेटी केली. माया आहे, पण सिद्धांत नाही. ती भांडी मुद्दाम दफनासाठी घडवली की घरातलीच घेतली, हे मात्र बघता येतं. बाहेरून काजळी असेल, तळ झिजलेला असेल, आतल्या बाजूला घासल्याच्या खुणा असतील, तर ती चुलीवरची किंवा धान्याची भांडी होती. तुमच्या मडक्यांवर अशी काजळी आहे का, हे न हलवता बाहेरूनच बघा. फोटो काढताना बाजूला मापपट्टी किंवा निदान एखादी काठी ठेवा.

आता अन्नाच्या भांड्यांचं. अशा दफनांत पुष्कळदा एखादा वाडगा आणि तोटीचं भांडं ठेवलेलं मिळतं. लगेच लिहिलं जातं: मेल्यानंतरच्या प्रवासासाठी दूध-पाणी. कदाचित असेल. पण खान्देशातली आखाजी डोळ्यांसमोर आणा. पितरांच्या नावाने घागर भरतो, तिच्या तोंडावर खरबूज ठेवतो, सांजोरी करतो, चुलीत आगारी टाकतो. तीच आखाजी माहेरवाशिणींची, झोक्यांची, गौराईचीही. घरातल्या आजीला विचारलं, की पितर हे पाणी खरंच पितात का, तर ती सांगेल, ‘पूर्वीपासून करतो’. शेजारच्या घरातली सून दुसरं सांगेल, भटजी तिसरं. कृती तीच, अर्थ तीन, आणि तिन्ही माणसं जिवंत, एकाच गल्लीतली. तीन हजार वर्षांनी कुणाला ती घागर मिळाली तर पाणी भरलं होतं हे कदाचित आतल्या थरावरून कळेल. कोणत्या भावनेने भरलं, हे नाही.

यापेक्षाही मोठी अडचण उलट बाजूची आहे: जे मानलं जातं त्यातलं बरंच काही मागे काहीच ठेवत नाही. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरचे ताटकळत उभे राहतात, गेलेल्याच्या मनातली इच्छा मोठ्याने बोलून दाखवतात. मृतात्म्याबद्दलचा आपला केवढा मोठा विश्वास त्या एका क्षणात आहे. त्याचा पुरावा म्हणून जमिनीत काय उरतं? भाताचं एखादं शीतही नाही. तेव्हा कबरीत पुनर्जन्माची खूण नाही म्हणून ते पुनर्जन्म मानत नव्हते, असंही म्हणता येत नाही. कबर दोन्ही बाजूंनी हात आखडता घेते.

टेकवाड्यावरूनही एक उडी नेहमी मारली जाते. वस्ती बहाळला, दफनं नदीपलीकडे, म्हणजे वैतरणी ओलांडून जायची कल्पना तेव्हापासून! इनामगावची ती नाव याला जोडली की गोष्ट सुंदर होते. पण आधी गिरणा तेव्हा कुठून वाहत होती ते बघावं लागतं. खान्देशातल्या नद्यांनी पात्रं बदलली आहेत. जुन्या पात्राचे वाळू-गोट्यांचे थर काठाच्या दरडीत दिसतात. त्यांचा माग घेतल्याशिवाय ‘पलीकडे’ हा शब्द वापरता येत नाही. मग हे बघायचं, की पलीकडेही त्यांची घरं होती का, कारण असतील तर मेलेले आपल्याच घरी होते. आणि टेकवाड्याची दफनं मोजकीच आहेत. चार-दोन कबरींवरून एखाद्या घराचं दुःख कळेल, समाजाचा परलोक नाही. वैतरणी हा आपल्या पुराणांतला शब्द आहे, तो त्या लोकांच्या तोंडी घालायला मधली शेकडो वर्षं ओलांडावी लागतात, आणि त्यासाठी आपल्याकडे नाव नाही.

मोजणीवरून एक गोष्ट मात्र नीट कळते, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. इनामगावचा हिशेब करून बघा. खणलेल्या भागात एका वेळी शंभरच माणसं राहत होती असं धरू, आणि वर्षाला तीनच मरण पावत होती असं धरू. त्या काळासाठी हे आकडे जास्त नाहीत. नऊशे वर्षांत सत्तावीसशे मृत्यू होतात. कबरी मिळाल्या अडीचशेच्या वर, म्हणजे दहातलं जेमतेम एक माणूस. बाकीचे नऊ कुठे गेले? नदीत सोडले, जाळले, रानात ठेवले, की गावाबाहेर पुरले आणि ती जागा नांगराखाली गेली, काही कळत नाही. माझे आकडे अंदाजाचे आहेत, पण ते निम्मे केले तरी बहुसंख्य माणसं कबरीत नाहीतच. तेव्हा ‘जोर्वे लोक मेलेल्यांना घरात पुरत’ हे वाक्यसुद्धा अर्धवट आहे. काहींना पुरत. कुणाला पुरायचं हे कसं ठरे, हा खरा प्रश्न, आणि मुलांची संख्या त्याचं एक टोक हातात देते. आजही आपल्याकडे पुष्कळ घरांत मोठ्यांना अग्नी देतात आणि तान्ह्याला पुरतात. ती चाल तिथूनच आली असं मी म्हणणार नाही, मधला दुवा दाखवता येत नाही. पण एकाच गावात दोन वयांसाठी दोन रीती असू शकतात, हे समजायला ती उपयोगी पडते.

म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. तुमच्या गिरणेकाठी तीन हजार वर्षांपूर्वी एका घरातलं तान्हं मूल गेलं असावं. त्याला टाकून दिलं नाही. दोन भांडी निवडली, खड्डा मोजून खणला, ठरलेल्या दिशेला ठेवलं, आणि हे सगळं दूरदूरच्या गावांत जसं करत तसंच केलं. म्हणजे मुलाच्या मरणाची एक रीत होती, ती शिकवली जात होती, आणि लोक ती पाळत होते. त्या रीतीमागे परलोकाचं काही चित्र असणं शक्य आहे. ते चित्र कसं होतं हे मडकं सांगत नाही.

आता तुमच्या मडक्यांचं काय करायचं. काम थांबवून तहसीलदारांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूची खबर देणं कायद्यानेही बंधनकारक आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागालाही फोटो पाठवा. तोवर टेकाडाच्या त्या बाजूची माती कोणालाही धाब्यासाठी किंवा शेतासाठी नेऊ देऊ नका. जिथे एक जोडमडकं असतं तिथे आजूबाजूला घराची जमीनही असते: सारवलेला थर, खांबांचे खळगे, चूल. मूल घराच्या आत पुरलं होतं की बाहेर, हे त्या थरावरूनच ठरेल. खड्डा जमिनीच्या थरातून कापलेला दिसला आणि वर पुन्हा सारवण दिसलं, तर त्या घरात लोक नंतरही राहत होते. ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्यांत हा थर जातो.

आणि आतली माती. ती रिकामी दिसते, पण तान्ह्याच्या हिरड्यांत न फुटलेले दात असतात, अगदी बारीक, नुसत्या टोप्यांसारखे. ते त्या मातीत असतात. त्यांच्यावरून वय महिन्यांच्या हिशेबात सांगता येतं. इतक्या लहान मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे कळत नाही, पण दाताच्या एनॅमलमधल्या प्रथिनांवरून ते आता कळू शकतं. जोर्वे लोक मुलगा आणि मुलगी यांना एकाच रीतीने पुरत होते का, याचं उत्तर अशा दातांत आहे. तुमच्या गावात ते अजून मडक्यातच आहेत.